पगाराची पावती घरच्यांनी एकदा वाचावी

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की आपल्या घराघरांतून एक पोरगा किंवा पोरगी बॅग भरून पुण्या-मुंबईला निघते. नोकरी लागलेली असते. मोहल्ल्यात पेढे वाटून झालेले असतात, आणि पगाराचा एक आकडा घरापासून मशिदीच्या ओट्यापर्यंत सर्वांना तोंडपाठ झालेला असतो. या वेळी त्या आकड्याबद्दल लिहायचे आहे. शहरात गेलेल्या मुलाचा खर्च, त्याचे एकटेपण आणि त्याचा खचलेला आत्मविश्वास या तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून सांगितल्या जातात. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकाच जागी असते. घरच्यांना माहीत असलेला पगार आणि मुलाच्या हातात पडणारा पगार यांत फरक असतो, आणि तो फरक कोणीच कोणाला सांगत नाही.

उदगीरच्या एका मुलाचा हिशोब पुढे देत आहे. नाव लिहीत नाही. इंजिनिअरिंग केलेला, वडिलांचे छोटे सायकल दुरुस्तीचे दुकान, एक मोठी बहीण विवाहित, दोन भावंडे शिकत असलेली. हिंजवडीतल्या एका कंपनीत वर्षाला ४,२०,००० रुपयांवर त्याची निवड झाली. अब्बांनी बाराने भागले आणि ३५,००० हा आकडा आला. त्यावर घरात ठरले की मुलाने दरमहा १५,००० पाठवायचे. वीस हजारांत एकट्याचे भागायला काय हरकत आहे?

भागाकार बरोबर होता, पण भागायचा आकडा चुकीचा होता. नेमणूक-पत्रात जो वार्षिक आकडा असतो त्याला कंपन्या ‘सीटीसी’ म्हणतात. कंपनीला तो माणूस वर्षभरात कितीला पडतो, याचा तो आकडा आहे. मुलाच्या खात्यात किती येते, हे त्यातून कळत नाही. या मुलाच्या पत्रात ३०,००० रुपये वर्षाअखेरचा बोनस म्हणून धरलेले होते. काम चांगले झाले आणि कंपनीला जमले तरच ते मिळणार. म्हणजे महिन्याच्या ३५,००० मधून २,५०० तिथेच गेले आणि ३२,५०० उरले. मूळ पगार, म्हणजे बेसिक, १५,००० होता. त्यावर कंपनी आपल्या बाजूने १२ टक्के भविष्य निर्वाह निधी भरते, ते १,८०० रुपये याच ३२,५०० मध्ये मोजलेले होते. ग्रॅच्युइटीचे ७२२ रुपयेही त्यातच. ती नोकरी सोडताना नियमात बसले तर मिळते, दरमहा नाही. मग पावतीवर दिसणारा एकूण पगार झाला २९,९७८. त्यातून मुलाच्या वाट्याचे भविष्य निर्वाह निधीचे आणखी १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले गेले. खात्यात पडले २७,९७८ रुपये. (आयकर या पगारावर लागत नाही, म्हणून तो यात नाही.)

यात कोणी फसवलेले नाही. दोन्ही बाजूंचे १,८०० रुपये त्याच्याच नावाने जमा होतात. त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो, बाकीचे मुलाला मोबाईलवर पाहता येतात. पण घरी ठरलेले १५,००० हे पस्तीस हजारांवर ठरले होते आणि हातात अठ्ठावीसही पुरते नव्हते. हा सात हजारांचा खड्डा पहिल्याच दिवशी सांगितला असता, तर तो फक्त हिशोबाचा विषय राहिला असता.

सांगितला का गेला नाही, याला कारण आहे. हा मुलगा २२ जुलैला कामावर रुजू झाला. अनेक कंपन्यांत पगाराचा हिशोब महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास बंद होतो. त्यानंतर आलेल्या माणसाला त्या महिन्याचा पगार मिळत नाही, तो पुढच्या महिन्यात जोडून येतो. म्हणजे पहिला पैसा दिसला तो ३१ ऑगस्टला, चाळीस दिवसांनी. त्या दिवशी जुलैचे दहा दिवस आणि पूर्ण ऑगस्ट मिळून सुमारे ३६,९०० रुपये जमा झाले. घरच्यांना वाटले, पोरगा पस्तीस म्हणाला होता, त्याहून जास्तच आले. मुलालाही क्षणभर तसेच वाटले असावे. अब्बांना १५,००० गेले. अम्मीसाठी शाल, भावंडांना कपडे, आपाच्या मुलाला सायकल, ऑफिसातल्या चौघांना दावत. सप्टेंबरचे पीजीचे भाडे देऊन झाले तेव्हा हातात फार काही उरले नाही. सप्टेंबरअखेर २७,९७८ आले तेव्हा त्याला खरा पगार कळला. पण तोपर्यंत घरी वेगळाच आकडा पक्का झाला होता आणि तो मोडणे त्याला लाजिरवाणे वाटले.

त्या पहिल्या चाळीस दिवसांकडे थोडे थांबून पाहू, कारण घराने खरी तयारी इथे करायची असते. सुरुवातीचे दहा-बारा दिवस तो कोंढव्याला मामूंकडे राहिला. पुण्यात आपल्या बहुतेक घरांचे कोणी ना कोणी कोंढव्यात असतेच, आणि नोकरी हिंजवडीत लागली तरी ‘मामूंकडेच राहा, भाडे वाचेल’ असा सल्ला हमखास मिळतो. नकाशावर दोन्ही जागा पुण्याच्याच. पण मधे पंचवीस किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि संध्याकाळच्या वाहतुकीत ते दीड-दोन तासांचे होते. सकाळी सव्वासातला निघायचे आणि रात्री नऊला पोहोचायचे. नव्या माणसाने ऑफिसात जे शिकायचे असते, त्यासाठी लागणारी ताकद बसमध्येच संपते. शिवाय मामूंचे घर दोन खोल्यांचे, त्यात तीन मुले. मामी काही बोलल्या नाहीत, पण रात्री साडेनऊला कोणासाठी तरी पुन्हा तवा ठेवावा लागणे, हे किती दिवस चालते ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पाहुणा म्हणून दोन आठवडे आणि मग कामाजवळ स्वतःची जागा, हे मला दोन्ही घरांसाठी बरे वाटते. नातेही त्यात टिकते.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने हिंजवडीजवळ पीजीत एक खाट घेतली. खोलीत तिघे. नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह महिना ८,५०० आणि तेवढीच अनामत. पीजी घेताना लोक खोली आणि पंखा बघतात. त्याहून महत्त्वाचे प्रश्न तीन आहेत: सोडताना किती दिवस आधी सांगायचे, अनामतीतून काय कापणार, आणि वीज वेगळी लागते का. इथे तीस दिवसांची सूचना आणि ‘देखभालीचे’ १,५०० कापणार असे होते. ते त्याने मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतले. तोंडी बोलणे सोडायच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

पगार येण्याआधीचा त्याचा खर्च असा झाला: अनामत आणि पहिले भाडे १७,०००, ऑफिसचे कपडे आणि बूट ३,५००, गादी-बादली-चादर ८००, मामूंकडून जाण्या-येण्याचे १,२००, ऑगस्टमधले दुपारचे जेवण आणि रिक्षा मिळून २,९००, फोन ३५०, किरकोळ १,०००. बेरीज २६,७५० रुपये. म्हणजे महिन्याच्या पगाराइतकी रक्कम पगार मिळण्याआधीच लागली. अब्बांनी जमवून १५,००० दिले होते. उरलेल्या बारा हजारांसाठी मुलाने फोनवर एक कर्ज देणारे ॲप उतरवून घेतले.

ते मामींच्या लक्षात आले, हे नशीब. अशा ॲपवर बारा हजार मागितले तर फी आधीच कापून घेऊन दहाच्या आसपास हातात पडतात आणि परत मात्र पूर्ण बारा व्याजासह द्यायचे असतात. हे ॲप फोनमधली सगळी नावे आणि नंबर पाहण्याची परवानगी मागत होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधल्या संपर्कांच्या यादीला हात लावता येत नाही. जे ॲप ती मागते ते तिथेच काढून टाकावे, कारण हप्ता चुकला की त्याच यादीतल्या अब्बांना, आपाच्या सासरच्यांना फोन जाऊ लागतात. मामूंनी बारा हजार कर्ज-ए-हसना म्हणून दिले. दरमहा तीन हजार परत करायचे, असे ठरले आणि एका वहीत तारखेसह लिहिले. जवळच्या नात्यात लिहून घेणे आपल्याकडे अपमानाचे समजले जाते. देणे-घेणे लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला थेट कुरआनातून आहे, हे मामूंनीच त्याला सांगितले.

आता सप्टेंबरपासूनचा महिना पाहा. पीजी ८,५००. ऑफिसातले दुपारचे जेवण ७० रुपयांप्रमाणे बावीस दिवस १,५४०. शेअर रिक्षा येऊन-जाऊन ६० रुपये, म्हणजे १,३२०. फोन ३५०. कपडे धुणे, साबण, केस कापणे ७००. रविवारी कोंढव्याला जाणे-येणे आणि इतर फिरणे ६००. संध्याकाळचा चहा-नाश्ता ९००. मामूंचे ३,०००. सगळे मिळून १६,९१०. या यादीत सिनेमा नाही, नवे कपडे नाहीत, आजारपण नाही, उदगीरचा प्रवासही नाही. उरले ११,०६८ रुपये. घरी पाठवायचे होते १५,०००.

दर महिन्याला ३,९३२ रुपये कमी पडत होते. ते कुठून आले? पगाराचे खाते उघडताना बँकेच्या माणसाने क्रेडिट कार्डही दिले होते. पुढच्या तीन महिन्यांत पीजीचे भाडे आणि जेवण हळूहळू कार्डावर गेले, पंधरा हजार मात्र वेळेवर उदगीरला पोहोचत राहिले. अब्बा सगळीकडे अभिमानाने सांगत होते. नोव्हेंबरअखेर कार्डावर सुमारे ११,८०० रुपये थकले.

कार्डाचे गणित घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यावे. पूर्ण बिल ठरल्या तारखेला भरले तर व्याज लागत नाही. बिलावर मोठ्या अक्षरात ‘किमान देय’ म्हणून एक छोटी रक्कम असते. ती भरली की दंड टळतो, पण व्याज टळत नाही. थोडीही बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि त्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. त्याच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के होता. ११,८०० वर महिन्याचे ४१३ रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७४. आठ दिवसांच्या रिक्षाभाड्याएवढे पैसे फक्त थकल्याबद्दल. ज्या घरात सूद शब्दाने माणसे कान धरतात, त्या घराला पोहोचणारे पैसे सूदावर उभे होते आणि घराला त्याचा पत्ता नव्हता. (जाता जाता, फोन घेताना ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणून जे सांगतात त्यातही बहुतेक वेळा बँक व्याज लावते आणि दुकानदार तेवढी सूट देतो. बिलावर व्याज आणि त्यावरचा जीएसटी वेगळा दिसतो. घ्यायचे की नाही हे ज्याने-त्याने ठरवावे, पण बिल वाचून ठरवावे.)

आता एकटेपणाकडे येते, कारण ते याच काळात वाढले. पहिले दोन-तीन आठवडे घरची आठवण येणे, रात्री झोप उशिरा लागणे, अम्मीच्या हातच्या खट्ट्या दालची आठवण होणे हे सर्वांना होते आणि ते ओसरते. या मुलाचे उलट झाले. ऑगस्टमध्ये तो बरा होता, ऑक्टोबरमध्ये खचला. रोज रात्री घरचा फोन यायचा. अम्मी विचारायच्या जेवलास का, अब्बा विचारायचे पैसे कधी टाकतोस. दोन्हींना त्याच्याकडे एकेका शब्दाचे उत्तर होते. जिथे मन मोकळे करायचे तिथेच काही लपवायचे असले, की फोन हे ओझे होते. त्याने आधी फोन तोकडे केले, मग ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणू लागला. पैसे वाचवायला रविवारी कोंढव्यालाही जाईना. खोलीतल्या दोघांबरोबर बाहेर जेवायला गेले तर तीनशे रुपये जाणार, म्हणून तिथेही नाही. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत तो कोणाशीही बोलत नसे.

घरच्यांना हे कसे ओळखता येईल? मुलगा दुःखी आहे असे तो सांगत नाही. फोनचा वेळ कमी होतो, आवाज झोपेतून उठल्यासारखा येतो, सुट्टी असूनही घरी येण्याचे टाळतो. झोप आणि भूक बिघडून दोन आठवड्यांहून जास्त झाले, ज्या गोष्टीत आनंद होता त्यातही मन लागेनासे झाले, कामावर जायला पाय उचलेना, तर ती फक्त घरची आठवण नव्हे. तेव्हा डॉक्टरला दाखवावे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. आणि जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी कोणीतरी त्याच्याजवळ जावे.

या मुलाला त्या टोकाला जावे लागले नाही, आणि त्याचे थोडे श्रेय जुम्याला आहे. ऑफिसपासून दहा मिनिटांवर एक छोटी नमाजची जागा आहे. पहिले दोन महिने तो साहेबांना विचारायला घाबरून जेवणाच्या सुट्टीत पळत जायचा आणि उपाशी परत यायचा. मग त्याने सरळ विचारले: शुक्रवारी एक ते दोन मी नसेन, ती वेळ ऑफिसच्या कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवतो, संध्याकाळी अर्धा तास उशिरा निघतो. साहेब म्हणाले, एवढेच ना, मला फक्त मीटिंग ठेवताना कळले पाहिजे. सगळीकडे असेच उत्तर मिळेल असे नाही, पण परवानगीबरोबर वेळेचा हिशोब दिला की नकार देणे कठीण होते. तिथे त्याला नांदेडचा एक आणि खेडचा एक असे दोघे भेटले, शेजारच्याच इमारतीत काम करणारे. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी तीच माणसे दिसणे हा एकटेपणावरचा मोठा उपाय आहे. दोस्ती आपोआप होत नाही, पुन्हा पुन्हा दिसण्याने होते. कोणाला ते क्रिकेटच्या मैदानात मिळेल, कोणाला वाचनालयात.

आत्मविश्वासाचे काय झाले तेही ऐका. घरात दखनी, शाळेत मराठी, कॉलेजात पुस्तकी इंग्रजी, आणि ऑफिसात दिवसभर इंग्रजी-हिंदी. पहिल्या आठवड्यात त्याच्या तोंडून ‘हौ’ आणि ‘नक्को’ गेले आणि कोणीतरी हसले. हसणारा वाईट नव्हता, पण त्यानंतर तो मीटिंगमध्ये गप्प बसू लागला. आमच्या मराठवाड्याच्या मुलांना वाटते की आपली भाषा कमी पडते. या मुलाच्या बाबतीत भाषेपेक्षा गप्प बसणे महाग पडले. एका कामात तो दोन दिवस अडून राहिला. दुसऱ्याला विचारले तर येत नाही असे दिसेल, म्हणून विचारले नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी ते काम पंधरा मिनिटांत सोडवून दाखवले आणि म्हणाले, ‘तुला आले नाही याचा राग नाही, दोन दिवस मला कळलेच नाही याचा आहे.’

हे वाक्य नव्याने लागलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावे. पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे परीक्षाधीन काळात, साहेबाला नव्या माणसाकडून सगळे येण्याची अपेक्षा नसते. अडले तर वेळेवर कळावे, एवढी असते. त्यानंतर त्याने स्वतःसाठी नियम केला: एक तास स्वतः शोधायचे, तरी सुटले नाही तर विचारायचे. विचारताना ‘येत नाही’ एवढेच न म्हणता काय करून पाहिले आणि कुठे अडले, हे दोन वाक्यांत लिहायचे. रोज सकाळी त्यांच्या गटाची दहा मिनिटांची बैठक असते. काल काय केले, आज काय करणार, अडचण काय. तो आदल्या रात्री ही तीन वाक्ये इंग्रजीत लिहून ठेवू लागला आणि शक्यतो पहिल्या दोघांत बोलू लागला. शेवटी बोलायचे ठेवले की पाळी येईपर्यंत धडधड वाढते. फोनवर कोणाचे बोलणे समजले नाही तर ‘मला असे समजले, बरोबर आहे ना?’ असे आपल्या शब्दांत परत सांगायचे. यात इंग्रजी फार लागत नाही, आणि समोरच्याला हा माणूस लक्षपूर्वक ऐकतो असे दिसते. ‘हौ’ अजूनही अधूनमधून निघते. आता तो स्वतःच हसतो, खोलीतला इंदूरचा मुलगा तर तो शब्द शिकलाही आहे.

मग पैशांचे घरी कसे कळले? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपा माहेरी आल्या होत्या. त्यांचे पती शाळेत लिपिक आहेत, त्यामुळे पगाराची पावती म्हणजे काय ते आपांना ठाऊक. त्यांनी भावाला सांगितले, बोलू नकोस काही, नुसती पावती पाठव. पावती आली. आपांनी ती अब्बांना ओळीने वाचून दाखवली, हे जमा, हे कापले, हे तुमच्या मुलाच्या म्हातारपणाचे, हे हातात. अब्बा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, दुकानात आलेला प्रत्येक रुपया नफा नसतो हे मला कोणी शिकवायला नको होते, आणि याला मी ते विचारले नाही.

पुढचे ठरवायला एक फोन पुरला. डिसेंबरच्या पगारातून घरी फक्त ५,०००. मामूंना विनंती केली की शेवटचे तीन हजार एक महिना थांबावेत, कारण त्यांच्यावर व्याज नाही आणि कार्डावर आहे. व्याजाचे देणे आधी फेडावे, बिनव्याजीवाला आधी सांगून थांबवावा. उलट झाले तर व्याज वाढतच जाते. अशा रीतीने एका महिन्यात ९,०६८ रुपये कार्डावर भरले गेले. जानेवारीत उरलेले सुमारे सव्वातीन हजार आणि मामूंचे तीन हजार दोन्ही संपले. फेब्रुवारीपासून १४,०६८ मोकळे झाले. घरी ९,०००, उरलेले पाच वेगळ्या खात्यात. (फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात. हे वर्षातून एकदाच होते. त्या शंभरासाठी कंपनीत तक्रार करायला जाऊ नये.) घरी जाण्यासाठी आता तो रेल्वे पाहतो. बिदरहून मुंबईला जाणारी गाडी उदगीरहून पुण्याला येते आणि आरक्षण साठ दिवस आधी उघडते. ईदच्या आठवड्यात ट्रॅव्हल्सवाले काय भाव सांगतात ते सर्वांना माहीत आहे.

रमजानमध्ये पीजीत सहरीचा प्रश्न आला. स्वयंपाकी सकाळी सातला येतो. महिनाभर उकडलेली अंडी, खजूर आणि रात्रीच राखून ठेवलेल्या पोळ्या, यावर त्याने रोजे केले आणि नांदेड-खेडच्या दोघांबरोबर घर घ्यायचे ठरवले. चौथा इंदूरचा. इथे एक कडू गोष्ट लिहिलीच पाहिजे. वाकडमध्ये त्यांनी सात घरे विचारली. चार ठिकाणी नावे सांगितल्यावर घर ‘नुकतेच गेले’ होते. तेव्हापासून ते दलालाला पहिल्याच फोनवर चौघांची नावे सांगू लागले आणि मालकाला चालत असेल तरच घर दाखवा म्हणाले. अपमान त्याने कमी होत नाही, पण सुट्टीचे दिवस वाचतात. आठवे घर मिळाले. मालक निवृत्त शिक्षक, त्यांनी फक्त भाडे वेळेवर मिळेल का एवढेच विचारले.

भाडे २८,०००, अनामत ६०,०००. प्रत्येकाच्या वाट्याला अनामतीचे १५,००० आले, म्हणजे फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलची बचत बरोबर तेवढीच. दलालीचे सात हजार पीजीच्या अनामतीतून निघाले. तीस दिवस आधी लिहून सूचना दिली होती, म्हणून १,५०० कापून तेवढे परत मिळाले. घर पीजीपेक्षा स्वस्त पडेल असा बऱ्याच मुलांचा समज असतो. भाड्याचे सात हजार, दोन वेळच्या जेवणाला बाई आणि सामान मिळून साडेतीन, वर वीज आणि गॅस. पीजीपेक्षा दोन-अडीच हजार जास्तच जातात. त्याने ते घरी आधी सांगितले, आणि मे महिन्यापासून घरी ७,००० येतील असे अब्बांनीच ठरवले.

करार अकरा महिन्यांचा झाला. महाराष्ट्रात असा करार नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. या करारावर मुद्रांक शुल्क आठशेच्या आत आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये लागले. साध्या मुद्रांकावर सही करून देतो, नोंदणी कशाला, असे कोणी म्हटले तर मान्य करू नये. अनामत परत मिळवायची वेळ येते तेव्हा तोच कागद हातात असतो. करारात चौघांचीही नावे घालून घेतली. एकाच्याच नावावर केला असता तर तो सोडून गेल्यावर बाकी तिघे पाहुणे ठरले असते. अनामत कोणाची किती, हे मात्र मालकाच्या करारात येत नाही. ते चौघांनी वेगळ्या कागदावर लिहून सह्या केल्या. वहीत लिहायची सवय मामूंकडून आली होती. इंदूरच्या मुलाला आधी ते विचित्र वाटले. सप्टेंबरात त्याची बदली झाली तेव्हा त्याने तोच कागद काढून आपले पंधरा हजार मागितले, आणि नवा सोबती येईपर्यंत पंधरा दिवस थांबायला तयार झाला.